घाबरलीये हे सांगू नकोस, टिपकागदाचं सांग

*मॅडम, मी नाशिकच्या एका कॉलेजात एस.वाय. बीएस्सीला आहे. पुढच्या शनिवारी आमच्याकडे विद्यार्थ्यांचा परिसंवाद आहे आणि एका सत्राचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलंय. नऊ पेपर, प्रत्येकी आठ मिनिटं, वर दोन मिनिटं प्रश्नांना. चौथा पेपर माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचा आहे. ती दिंडोरी तालुक्यातून एसटीने येते, घरची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर ४० दिवस रोज पहाटे बागेत जाऊन, पानांना टिपकागद लावून, पानं किती वेळ ओली राहतात हे तिने टिपलं आणि द्राक्षावरच्या डावणी रोगाशी ताडून बघितलं. काम झकास झालंय. पण सरावाच्या वेळी तिसऱ्याच वाक्याला तिचा आवाज गेला आणि ती खाली बसली. मी तिच्यासाठी असं लिहिलंय: ‘आता येतेय माझी जिवलग मैत्रीण! ग्रामीण भागातून, प्रतिकूल परिस्थितीवर मात करत तिने द्राक्षावरच्या बुरशीवर अभूतपूर्व संशोधन केलंय. पहिल्यांदाच बोलतेय, थोडी घाबरलीये, तर सांभाळून घ्या. जोरदार टाळ्या!’ तिला धीर यावा म्हणून यात अजून काय घालू?*

*– एक सूत्रसंचालक*

यात घालण्यासारखं काही नाही, काढण्यासारखं बरंच आहे. तू हे मायेने लिहिलंयस, त्यामुळे काय काढायचं हे नुसतं सांगून भागणार नाही, का काढायचं तेही सांगते.

सगळ्यात आधी ‘थोडी घाबरलीये, सांभाळून घ्या’ हे वाक्य काढ. हे वाक्य मीही एकदा म्हटलंय. मला शिकवायला लागून चार-पाच वर्षं झाली होती. एका मुलाने स्वतःच्या गावातल्या विहिरींच्या पाण्यावर पेपर केला होता. बोलायचं म्हटलं की त्याच्या घशाला कोरड पडायची. मी माइकवरून म्हटलं, ‘पहिल्यांदाच बोलतोय, चुकलं तर समजून घ्या.’ त्याने पाठ केलेलं पहिलं वाक्य गावात विहिरी किती आहेत, हे सांगणारं होतं. ते बाजूलाच राहिलं आणि तो म्हणाला, ‘मॅडम म्हणाल्या तसं, चुकलं तर माफ करा.’ मी बाजूला उभी होते, मला सभागृह दिसत होतं. दुसऱ्या रांगेतली सगळी माणसं त्याच्या हातांकडे बघत होती. हातातले कागद हलतायत का, हे शोधत होती. ते मीच त्यांना शोधायला लावलं होतं. त्यालाही ते कळलं. त्याने कागद स्टँडवर ठेवले, मग त्याला ते वाचता येईनात.

घाबरलेल्या माणसाला वाटत असतं की आपली धडधड समोरच्या प्रत्येकाला ऐकू जातेय. खरं तर तिसऱ्या रांगेपर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले होते, ते २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांना एक छोटं भाषण करायचं होतं. काहींना आधी काहीच सांगितलं नाही. काहींना धीर दिला, की घाबरणं स्वाभाविक आहे, त्याची काळजी करू नका. आणि काहींना नेमकं एवढं सांगितलं, की तुम्हाला आतून जेवढं जाणवतं तेवढं बाहेर दिसत नाही. या तिसऱ्या गटाची भाषणं जास्त चांगली झाली. त्यांना स्वतःला तसं वाटलं आणि ऐकणाऱ्यांनाही. नुसत्या धीराने तो फरक पडला नाही.

त्यामुळे ही गोष्ट तू मैत्रिणीला शनिवारच्या आधी, निवांत चहा घेताना सांग. ‘तुला वाटतं तेवढं दिसत नाही’, एवढंच. माइकवरून ‘घाबरलीये’ म्हणालीस तर बरोबर उलटं होईल. जे दिसत नव्हतं ते तूच दाखवून देशील.

आता ‘बुरशी’. हा शब्द तुला साधा वाटला असेल. बागायतदार डावणीला बुरशीच म्हणतात, औषधाच्या दुकानातही बुरशीनाशकच मागतात, त्यात काही चूक नाही. पण डावणी ज्या जीवामुळे होते तो वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणात खऱ्या बुरशीत बसत नाही, ऊमायसीट्स या वेगळ्या गटात बसतो. समोर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक परीक्षक म्हणून बसलेले असतील. तू ‘बुरशीवर संशोधन’ म्हणालीस की तिला पहिल्याच वाक्यात मैत्रिणीची चूक दुरुस्त तरी करावी लागेल, नाहीतर ती तशीच सोडून पुढे जावं लागेल आणि मग प्रश्नोत्तरात तिलाच कोणीतरी गाठेल. धीट माणूसही यात अडखळेल. ‘अभूतपूर्व’चंही तसंच. एका बागेतली ४० दिवसांची निरीक्षणं ही प्रामाणिक निरीक्षणं आहेत. पण तू अभूतपूर्व म्हणालीस की लोक त्या मापाने मोजायला बसतात, आणि पहिला प्रश्न येतो, ‘यात नवीन काय आहे?’ परिचय देणाऱ्याच्या तोंडून गेलेला प्रत्येक जादा शब्द सादर करणाऱ्याला फेडावा लागतो.

‘ग्रामीण भागातून, प्रतिकूल परिस्थितीवर मात करत’ हेही जाऊ दे. याबद्दल मी जरा ठाम आहे. दिंडोरीची मुलगी घरच्या द्राक्षबागेवर पेपर वाचतेय, ही तिची अडचण नव्हे, हा तिचा अधिकार आहे. त्या सभागृहात पहाटे सहाला बागेत उभं राहिलेली माणसं किती असतील? तिची कीव करायला लावलीस तर तिचं ऐकताना लोक मान तिरकी करून हसऱ्या चेहऱ्याने बसतील, आणि आलेख कोणी बघणार नाही. शिवाय हे तिला चारचौघांत चालणार आहे का, हे तू तिला विचारलंयस का? ‘जिवलग मैत्रीण’ही नको, कारण बाकीचे आठ जण मग तुझे कोण?

आणि चारोळी घालायचा मोह झाला, तर ती गॅदरिंगला ठेव.

मग उरतं काय? तू पत्रात मला जे सांगितलंस तेच उरतं, आणि ते तुझ्या मसुद्यात कुठेच नाही. पहाट, ४० दिवस, पानाला लावलेला टिपकागद. पत्र वाचताना मला ती मुलगी डोळ्यांसमोर दिसली ती त्या टिपकागदामुळे. सभागृहालाही तिची तीच ओळख करून दे.

त्याआधी कॅन्टीनमध्ये तिच्यासोबत दहा मिनिटं बस आणि चार गोष्टी विचार. तू स्वतःच्या हाताने काय केलंस? करताना कशाचं नवल वाटलं? तुझं पहिलं वाक्य काय आहे? आणि मी काय बोललेलं तुला नको आहे? उत्तरं तिच्या शब्दांत लिहून घे. पेपरचं शीर्षक तिच्या स्लाइडवर आहे तसंच, अक्षर न अक्षर उतरव. नाव आणि आडनाव तिला एकदा मोठ्याने म्हणायला लाव आणि मग तू म्हणून दाखव. रोजची मैत्रीण असली तरी हे कर, कारण आपण एकमेकींना हाक मारतो ते नाव आणि कार्यक्रमपत्रिकेतलं नाव वेगळं असतं. त्या जीवाचं शास्त्रीय नाव मात्र तू घेऊच नकोस, ते तिच्यासाठी ठेव. ते नाव तिने ४० दिवस लिहिलंय, तिच्या जिभेवर ते बसलेलं आहे.

या चार प्रश्नांत सगळ्यात महत्त्वाचा तिसरा, पहिलं वाक्य कोणतं हा. बोलणाऱ्याची भीती साधारणपणे उभं राहण्याच्या जरा आधी आणि पहिल्या मिनिटात सगळ्यात जास्त असते. ते मिनिट पार पडलं की बहुतेकांचा श्वास जागेवर येतो. तुझ्या मैत्रिणीचा आवाज तिसऱ्या वाक्याला गेला, म्हणजे ती त्या मिनिटातच अडकली. तुझा परिचय तिला तेवढं एक मिनिट ओलांडायला मदत करू शकतो, त्यापुढे तो पोचणार नाही. आणि ही मदत होते ती तुझं शेवटचं वाक्य आणि तिचं पहिलं वाक्य एकमेकांना जोडलं तरच. तू एक प्रश्न उभा करून थांबायचं, आणि त्याचं उत्तर म्हणजे तिचं पहिलं वाक्य. मग तिला शून्यातून सुरुवात करावी लागत नाही. लोक ज्याची वाट बघतायत तेवढंच तिला सांगायचं असतं.

तुझ्या पत्रावरून मी एक मसुदा केला आहे. शीर्षक मी अंदाजाने घातलंय, तू खरं घाल:

‘पुढचा पेपर द्राक्षाच्या पानाबद्दल आहे. इथे ज्यांच्या घरी बाग आहे त्यांना माहीत आहे, छाटणीनंतर पहाटे दव पडलं की घरात डावणीची काळजी सुरू होते. पण ते दव पानावर टिकतं किती वेळ? हे बघण्यासाठी आपल्या कॉलेजातली एक विद्यार्थिनी ऑक्टोबर छाटणीनंतर सलग ४० दिवस पहाटे बागेत गेली. सोबत वही आणि टिपकागद. पेपरचं शीर्षक आहे, “द्राक्षावरील डावणी आणि पानावरील ओलाव्याचा काळ : दिंडोरी तालुक्यातील एका बागेतील निरीक्षणे”. सादर करत आहे, द्वितीय वर्ष विज्ञान शाखेची…’

आणि इथे तिचं पूर्ण नाव. नाव सगळ्यात शेवटी. नाव आलं की टाळ्या आपोआप येतात, त्या मागाव्या लागत नाहीत. नाव आधी घेतलंस तर ती अर्धवट उठते, मग तू बोलतच राहतेस आणि बिचारी खुर्ची आणि मंच यांच्यामध्ये उभी राहते.

हे सावकाश वाचलंस तरी पाऊण मिनिटाच्या आसपास संपेल. त्यापेक्षा लांबवू नकोस, कारण वाट बघताना तिची धडधड वाढतच असते. यात निष्कर्षही कुठे नाही, बघ. पानं किती तास ओली राहिली आणि डावणीचे तेलकट डाग कधी दिसले, हे तिनेच सांगायचं. तू सांगून टाकलंस तर तिच्याकडे उरेल काय?

तिच्या पहिल्या वाक्यासाठी माझी एक सूचना आहे, पण ठरवायचं तिनेच. त्यातला एखादा वापरलेला टिपकागद तिने सोबत आणावा. कागद हातात धरून तिने म्हणावं, ‘हा पहिल्या दिवसाचा कागद. सकाळी सहाला लावला, तेव्हा तो पूर्ण भिजला होता.’ (वेळ आणि स्थिती अर्थातच तिच्या वहीत असेल तीच.) रिकामे हात थरथरतात, त्यांना धरायला एक वस्तू मिळते. आणि लोकांची नजर तिच्या चेहऱ्यावरून त्या कागदावर जाते. पहिल्या मिनिटात तिला तेच हवं आहे. कागद वाळून पिवळट पडला असला तरी चालेल. उलट बरंच, त्यामुळे तो खरा वाटेल. ही तीन-चार वाक्यं तिने पाठ करावीत, बाकी पेपर पाठ करायला जाऊ नये. पाठ केलेल्या आठ मिनिटांत एक शब्द निसटला की पुढचं सगळं निसटतं.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीस. बाकीच्या आठ जणांचं काय? तू फक्त तिच्याचसाठी असा परिचय लिहिलास आणि इतरांना ‘यानंतर अमुक अमुक’ म्हणून बोलावलंस, तर तिला ते तिथेच कळेल. मला जपतायत, म्हणजे माझं काही खरं नाही, असं तिच्या मनात येईल. परीक्षकांच्याही ते लक्षात येईल. त्यामुळे तेच चार प्रश्न नऊही जणांना विचार आणि नऊही परिचय एकाच मापाचे कर. काहींना फोनवर विचारलंस तरी पुरे. काम वाढेल, पण दोन संध्याकाळींत होण्यासारखं आहे. तिच्या आधीच्या तिघांचे परिचय याच वळणाचे झाले, तर चौथ्या नंबरला तुझी पद्धत सभागृहाच्या अंगवळणी पडलेली असेल. आणि त्या आठांत न घाबरल्यासारखे दिसणारे दोघे-तिघे असतातच, त्यांचंही भलं होईल.

सत्राच्या अध्यक्षांना आधी भेट. त्यांना ‘ती घाबरते’ हे सांगायला जाऊ नकोस, तिची परवानगी नसेल तर मुळीच नको. कामाचं तेवढं विचार. घंटा किती मिनिटांनी वाजणार, एकदा की दोनदा? मधूनच वाजलेल्या घंटेने भलेभले वाक्य विसरतात. सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची आणि आठव्याला शेवटची असं काही ठरलं असेल, तर ते नऊही जणांना आदल्या दिवशी कळव. जमलं तर इशाऱ्यासाठी घंटेऐवजी ‘दोन मिनिटं’ लिहिलेला पुठ्ठा दाखवायचा, असं सुचवून बघ. परिसंवादाला गुण किंवा बक्षीस असेल, तर प्रश्न आधी ठरवण्याच्या भानगडीत पडू नकोस, ते इतरांवर अन्याय करणारं होईल. गुण नसतील, तर अध्यक्षांना एवढं सुचवायला हरकत नाही की प्रत्येक पेपरचा पहिला प्रश्न त्यांनी ‘हे तू कसं केलंस’ अशा धाटणीचा विचारावा. त्याचं उत्तर प्रत्येकाला येतं.

शनिवारी सकाळी ती एसटीतून उतरून धावत येईल आणि थेट सभागृहात शिरेल, असं होऊ देऊ नकोस. एक गाडी आधीची पकडायला सांग. सत्र सुरू व्हायच्या आधी सभागृह रिकामं असताना तिला मंचावर उभं कर आणि ती पहिली तीन वाक्यं माइकमध्ये म्हणू दे. स्वतःचा आवाज स्पीकरमधून पहिल्यांदा ऐकला की दचकायला होतं, ते दचकणं तेव्हाच होऊन जाऊ दे. तिची फाइल तिथल्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. मराठी अक्षरांचे चौकोन झाले नाहीत ना, तेवढं पाहा. तसा प्रकार असेल तर पीडीएफ सोबत असू दे. तू परिचय देत असताना मागे पडद्यावर तिची पहिली स्लाइड दिसत असली पाहिजे.

प्रत्यक्ष परिचय देताना कागदाकडे बघितलंस तरी चालेल, पण नाव घेताना मान वर करून तिच्याकडे बघ. नाव घेतलं की गप्प राहा. ती चालत येईपर्यंत टाळ्या चालू राहतील, त्या वेळात माइक तिच्या उंचीला वाकव. ती पोचेपर्यंत तिथेच थांब आणि मगच बाजूला हो. कानात ‘ऑल द बेस्ट’ वगैरे काही पुटपुटू नकोस, कारण माइक चालू असतो.

मग पहिल्या रांगेत, तिला मान न वळवता दिसशील अशा जागी बस. सूत्रसंचालक बहुधा या वेळी पुढच्या माणसाचा कागद शोधत असतात. तुझे कागद आधीच क्रमाने लावलेले असू देत, तू तिच्याकडे बघ. चेहरा नेहमीसारखा ठेव. माना डोलावून आणि डोळे मोठे करून धीर द्यायला गेलीस तर तिला वाटेल काहीतरी बिघडलंय.

एवढं सगळं करूनही ती मध्येच थांबेल, हे शक्य आहे. परिचयाने भीती जात नाही, सुरुवात तेवढी सोपी होते. ती थांबली तर मनात सावकाश दहापर्यंत मोज. तिला ते दहा आकडे फार लांब वाटतील, पण ऐकणाऱ्यांना वाटेल ती पाणी प्यायला थांबली, म्हणून पाण्याचा ग्लास स्टँडवर असू दे. तरीही पुढे जात नसेल, तर आधी ठरवून ठेवलेली एक खूण करा. तिने तुझ्याकडे बघायचं आणि तू बसल्या जागेवरून, ऐकू जाईल इतपत आवाजात म्हणायचं, ‘आलेखाची स्लाइड दाखवशील?’ आलेख पडद्यावर आला की तिला आठवत बसावं लागणार नाही, समोर दिसतंय ते वाचून सांगता येईल. ही सोय नऊही जणांसाठी ठेव आणि अध्यक्षांना आधी सांगून ठेव, नाहीतर तू मध्ये बोललीस असं होईल.

तिचं सादरीकरण संपल्यावर ‘बघा, घाबरली होती तरी किती छान बोलली’ हे तुझ्या अगदी ओठांवर येईल. ते येऊ देऊ नकोस. तिच्या पेपरमधली तुला कळलेली एक गोष्ट एका वाक्यात सांग, तिने सांगितलेला एखादा आकडा किंवा त्या टिपकागदाबद्दल काहीतरी. तिचे आभार मान आणि पाचव्या पेपरचा कागद हातात घे.